रात्रभर ओट्यावर राहिलेली खीर आणि सकाळची उकळी

प्रश्न : काल आमच्याकडे गौरीजेवण होतं. तीन लिटर दुधाची तांदळाची खीर केली होती. बाराच्या सुमाराला गॅस बंद केला, पंगती अडीचपर्यंत चालल्या. पातेल्यात दीड लिटरभर खीर उरली. आवराआवरीच्या गडबडीत ती झाकण ठेवून ओट्यावरच राहिली, थेट आज सकाळी साडेसातला आठवली. सासूबाईंनी लगेच दहा मिनिटं खळखळून उकळली. फाटली नाही, वास छान, चवही कालच्यासारखीच. त्या म्हणतात, ‘उकळल्यावर काय राहतंय त्यात?’ नणंदेनं सव्वाआठला अर्धी वाटी खाल्लीसुद्धा. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, सासऱ्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे. मला द्यायची भीती वाटते, आणि नैवेद्याची खीर टाकायचंही जिवावर येतं. शेजारच्या काकूंनी दिलेलं गुळाचं, नारळाच्या दुधातलं पायसमही असंच बाहेर राहिलंय. काय करू?

उत्तर : दोन्ही टाकून द्या. उकळलेली खीरही आणि पायसमही. त्या दिवशी दुपारी तुम्हाला दोन ओळींत एवढंच कळवलं होतं. हाच प्रश्न दर सणाला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी नणंदेचं बघू, कारण खीर टाकता येते, पोटात गेलेली काढता येत नाही. आणि काढूही नये, बोटं घालून उलटी करवण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. अशा खिरीतून त्रास व्हायचाच असेल तर तो दोन प्रकारे येतो. पहिला म्हणजे मळमळ आणि उलट्या. हा लवकर येतो, खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते सहा तासांत. दुसरा म्हणजे पोटात कळा आणि पातळ जुलाब, हा सहा ते पंधरा तासांनी. नणंदेनं सव्वाआठला खाल्लं, म्हणजे दुपारी दोन-सव्वादोनपर्यंत उलटी झाली नाही तर पहिल्या प्रकारातून ती बहुतेक सुटली. रात्री झोपेपर्यंत पोट शांत राहिलं तर दुसऱ्यातूनही सुटली असं समजायला हरकत नाही. त्रास झालाच तर धडधाकट माणसाला तो बहुधा चोवीस तासांत आपोआप ओसरतो. तोवर काम एकच, गेलेलं पाणी भरून काढणं. ओआरएसच्या ज्या पाकिटावर एक लिटरला लिहिलेलं असतं ते पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं आणि घोट घोट द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाटच हवा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला त्याचाच अपाय होतो. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करायचं.

डॉक्टरकडे केव्हा न्यायचं? पाण्याचा घोटही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, शौचात रक्त दिसलं, ताप चढला, माणूस सुस्त पडून राहिला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर वाट पाहू नका. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल तर या यादीची वाट न पाहता लवकर दाखवा. मुलांना जुलाब थांबवायच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. उकळल्यावर काय राहतंय? जिवाणू फारसे राहत नाहीत, हे त्यांचं खरं. राहतं ते त्यांनी रात्रभर तयार करून ठेवलेलं विष.

या गोष्टीत तांदळाचा भाग मोठा आहे. तांदूळ शेतातून येतो, मातीशी त्याचा संबंध असतो, आणि मातीत राहणारा एक जिवाणू त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात येतो. त्याचं नाव बॅसिलस सिरियस. त्याची खोड अशी की परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून निपचित पडून राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला तरी काही बीजाणू राहतातच, आणि खीर तासभर रटरटली तरी त्यांतले बरेचसे मरत नाहीत. उलट उकळीच्या उष्णतेनं त्यांना जागच येते म्हणा ना. खीर कोमट झाली की कवच फोडून ते बाहेर येतात. बाहेर काय दिसतं? शिजलेला मऊ तांदूळ, दूध, साखर, भरपूर पाणी. आणि वाटेकरी कुणी नाही, कारण दुधातले एरवीचे जिवाणू तासभराच्या उकळीत मरून गेलेले असतात.

वाढता वाढता याच जिवाणूच्या काही जाती सिरुलाइड नावाचं विष अन्नात सोडतात. उलट्या होतात त्या त्यामुळे. आता कळीची गोष्ट : हे विष उष्णतेला दाद देत नाही. १२१ अंशांना, म्हणजे प्रेशर कुकरच्या आतल्या तापमानाला, दीड तास ठेवलं तरी ते टिकतं. खीर उघड्या पातेल्यात उकळते शंभर अंशांच्या जेमतेम पुढे, आणि सासूबाईंनी उकळली दहा मिनिटं. जिवाणू मेले, विष जसंच्या तसं राहिलं. ढवळणाऱ्या हातावर जखम असेल, किंवा चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला असेल, तर स्टॅफिलोकोकस नावाचा आणखी एक जिवाणू खिरीत येऊ शकतो. त्याचं विषही उकळीनं जात नाही.

(जुलाब करणारं विष वेगळं. ते उष्णतेनं मोडतं, आणि बऱ्याचदा जिवाणू पोटात गेल्यावर तिथेच तयार होतं. म्हणजे उकळीचा उपयोग शून्य नाही, पण अर्धाच आहे, आणि कुठला अर्धा ते आपल्याला कळत नाही.)

भाताच्या बाबतीत ही गोष्ट १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ध्यानात आली. तिथल्या चिनी खाणावळींमध्ये भात रात्री शिजवून बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कढईत परतून द्यायचे. खाणाऱ्यांना काही तासांत उलट्या सुरू व्हायच्या. कढईची आच खिरीच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त, तरी विष गेलं नव्हतं. आपला फोडणीचा भात वेगळा नाही. ‘आम्ही तर वर्षानुवर्षं शिळ्या भाताला फोडणी देऊन खातो’ असं कुणी म्हणेल तर तेही खोटं नाही. बीजाणूंची प्रत्येक जात विष करत नाही, प्रत्येक रात्र सारखी उबदार नसते, आणि सकाळी पोट जरा बिघडलं की आपण म्हणतो काल जेवण जड झालं. रात्री दहाला उरलेला वाटीभर भात पसरट भांड्यात लवकर गार होतो. दीड लिटर दाट खीर तशी होत नाही. तुमच्या बाबतीत हाच फरक नडला.

तुमच्याच पातेल्याचा हिशेब करू. बाराला गॅस बंद झाला तेव्हा खीर नव्वद अंशांच्या वर होती. साठ अंशांच्या वर हा जिवाणू वाढत नाही, त्यामुळे पंगती चालू होत्या, खीर वाफाळत होती, तोवर काही बिघडलं नाही. पंगती उठता उठता ती साठच्या खाली आली असणार. दाट खीर, जाड बुडाचं पातेलं, वर साय आणि त्यावर झाकण, म्हणजे पांघरूणच की. संध्याकाळी कधीतरी ती अंगाएवढी कोमट झाली आणि मग भाद्रपदातल्या दमट हवेत रात्रभर घराच्या तापमानाला राहिली, त्याहून खाली गेलीच नाही. विरजण लावताना आपण दूध किती कोमट करतो आठवा. बोट घातलं तर उबदार लागेल इतकंच. जिवाणूंना ती ऊब मानवते म्हणून तर दही लागतं. तुमची खीर दुपारपासून त्याच उबेतून जात होती, फक्त विरजण आपल्या पसंतीचं नव्हतं.

अशा उबेत हा जिवाणू साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरा. पंगती उठल्यापासून सकाळच्या उकळीपर्यंत सतरा तास होतात. सुरुवातीचे काही तास कवच फोडण्यात गेले म्हणून सोडून देऊ आणि त्यांतले फक्त दहा मोजू. दहा तासांत वीस वेळा दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार करत वीस वेळा गेलं की एकाचे दहा लाखांच्या वर होतात. खिरीच्या एका ग्रॅममध्ये सुरुवातीला दहाच असले तरी ते कोटीवर जातात. प्रत्यक्षात सगळी वाढ इतकी सरळ होत नाही, पण त्रास व्हायला ग्रॅममागे लाखाच्या आसपास पुरतात, तेव्हा हिशेब निम्म्यानं चुकला तरी मला ती वाटी नको.

मग फाटली का नाही? वास का आला नाही? सासूबाईंची परीक्षा इथेच चुकते, आणि चूक इतकी स्वाभाविक आहे की तिचा त्यांना दोष देता येत नाही. दूध आंबतं ते त्यातल्या आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे. आम्ल वाढलं की उकळताना दूध फाटतं, आंबूस वास येतो, आणि आपण म्हणतो नासलं. म्हणजे ‘उकळून बघा फाटतंय का’ ही परीक्षा आम्लाची आहे. कच्च्या दुधासाठी ती उत्तम. पण खिरीत ते आम्ल करणारे जिवाणू तासभराच्या उकळीत आधीच मेलेले असतात. मागे उरतो तो कवचवाला, आणि तो आम्ल फारसं न करता वाढतो. सिरुलाइडला वास नाही, चव नाही, रंग नाही. त्यामुळे खीर फाटली नाही यावरून इतकंच कळतं की ती आंबलेली नाही. गंमत अशी की आंबली असती तर आम्लानं त्या जिवाणूला काही प्रमाणात रोखलं असतं, आणि तुम्हीही वासावरून ती टाकलीच असती. खीर वरून चांगली वाटते म्हणूनच ती खाल्ली जाते, असं उफराटं प्रकरण आहे हे.

कधीकधी खूण दिसतेही. चव किंचित कडवट लागते, किंवा दूध न आंबताच गुठळ्या धरतं. तशी दिसली तर टाकायचीच. पण ती दिसली नाही म्हणून खायची, असं उलटं करता येत नाही.

तरीही सासूबाईंचा नियम निराधार नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घरात हे सांगायचं तुम्हाला आहे. फ्रिज नव्हते तेव्हा दूध सकाळी तापायचं, दुपारी तापायचं, रात्री पुन्हा तापायचं. दर सहा-आठ तासांनी उकळी आली की कवचातून बाहेर आलेले जिवाणू वाढून विष करण्याआधी मरायचे. नियम होता ‘पुन्हा पुन्हा उकळ’, आणि दुधासाठी तो बऱ्यापैकी चालायचा. तुमच्या खिरीला मात्र गॅस बंद झाल्यावर साडेएकोणीस तासांनी पहिली उकळी मिळाली. सासूबाईंनी तिला संध्याकाळी आणि निजण्याआधी उकळलं असतं तर मी आजच्या इतकं ठामपणे बोलले नसते, तरी मुलाला दिली नसतीच. घरी सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. ‘उकळी वेळेवर मिळाली असती तर तुमचं बरोबर होतं, ती उशिरा मिळाली’ असं म्हणा. हे खरंही आहे आणि ऐकायला सोपंही.

‘साखर आहे की त्यात, साखरेनं टिकतं’ हे घरातलं दुसरं वाक्य असणार. साखरेनं टिकतं ते ती भरपूर असते तेव्हा. मुरांबा टिकतो कारण त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, पाणी असलं तरी ते साखरेनं धरून ठेवलेलं असतं आणि जिवाणूच्या वाट्याला येत नाही. पेढ्यात मुळात पाणीच कमी. तुमच्या तीन लिटर दुधाला तुम्ही अर्धा किलोच्या आतबाहेर साखर घातली असेल. दूध आटून तांदळासह अडीच-पावणेतीन किलो खीर झाली असं धरलं तरी साखर पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भरते. एवढ्या साखरेनं जिवाणू अडत नाही. काकूंच्या पायसमचंही तेच. गूळ आहे, पण पातळ झालेला. नारळाच्या दुधातही भरपूर ओल आहे, आणि तांदूळ तर आहेच. वेलची, केशर, जायफळ यांतलं काहीही असल्या रात्री उपयोगी पडत नाही.

नैवेद्याच्या खिरीबद्दल माझं मत विचारलंत तर सांगते. देवीचा नैवेद्य बाराला दाखवला गेला, पंगतीत वाढला गेला, तिथे तो पूर्ण झाला. उरलेली खीर पाहुणा समजून तिला अजून एक दिवस मुक्काम करायला लावायची गरज नाही. टाकताना मात्र गाईला किंवा कुत्र्याला घालू नका. आपल्याला चालत नाही ते त्यांना चालेल असं मानायला काही आधार नाही. अंगणात किंवा कुंडीत खड्डा करून वर माती लोटा, किंवा ओल्या कचऱ्यात घाला. पातेलं, डाव आणि झाकण साबणानं घासून वर कढत पाणी ओता, बस.

आता पुढच्या वेळचं. खीर कमी करा असा सल्ला मी देणार नाही, गौरीच्या दिवशी तो कुणी ऐकत नाही. पंगत उठल्यावरची पहिली वीस मिनिटं खिरीला द्या, एवढंच मागणं आहे. तुमची दीड लिटर खीर पातेल्यातच ठेवली तर फ्रिजमध्येही ती मध्यभागी तासन् तास कोमट राहते. म्हणून आधी ती दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, स्टीलचे डबे किंवा कडा असलेली ताटं, थर जास्तीत जास्त दोन बोटं. मोठ्या परातीत गार पाणी घ्या, बर्फ असेल तर टाका, त्यात ती भांडी ठेवा आणि अधूनमधून डावानं तळापासून ढवळा. परातीतलं पाणी तापलं की बदला. अर्ध्या-पाऊण तासात खीर हाताला गार लागायला लागते. मग झाकण जरा तिरकं ठेवून फ्रिजमध्ये, वरच्या मोकळ्या कप्प्यात, शेजारी हवा खेळेल अशी. पूर्ण गार झाली की झाकण घट्ट. खीर वाफाळायची थांबल्यापासून ती फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. गरम भांडं ठेवलं की फ्रिज बिघडतो ही समजूत जुनी आहे. चार लिटरचं उकळतं पातेलं ठेवू नये हे खरं, कारण शेजारचं दूध-भाजीही तापते. दोन बोटं थराची कोमट भांडी फ्रिजला जड नाहीत.

फ्रिज पाच अंशांच्या खाली हवा. सणाच्या दिवशी तो इतका कोंबलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी उघडला जातो की आतलं तापमान आठ-दहावर सहज जातं. त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या, आख्ख्या भाज्या, लोणचं असलं बाहेर निभणारं सगळं बाहेर काढा आणि जागा खिरीला द्या. अशी ठेवलेली खीर दुसऱ्या दिवशी निर्धास्त खा, तिसऱ्या दिवसापर्यंत फार तर. खायची तेवढीच वेगळी काढून उकळा. सगळी उकळून उरलेली पुन्हा आत ठेवली की थंड-गरम, थंड-गरम होत ती पुन्हा त्याच कोमट उबेतून जाते.

एका भांड्याबद्दल सावध करते, हॉटपॉट. उरलेली खीर ‘गरम राहील’ म्हणून त्यात भरून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, माझंही त्यांत एकेकाळी होतं. एका लग्नघरी तशीच संध्याकाळी भरलेली खीर आम्ही सकाळी झाकण उघडून आनंदानं खाल्ली, चांगली कोमट होती. दुपारपर्यंत आम्ही चौघीजणी पाळीपाळीनं मोरीत. तेव्हा वाटलं रात्रीचं पाणी बाधलं. हॉटपॉट काही तास खीर साठच्या वर धरतो, तोवर ठीक. नंतर तो तिला गरम ठेवत नाही आणि गार होऊही देत नाही, विरजणाच्या उबेत सांभाळतो. पंगती लांबणार असतील तर खीर हॉटपॉटमध्ये न ठेवता मंद गॅसवर तव्यावर ठेवा, वाफ दिसत राहील इतपत, आणि वाढून झाली की वर सांगितलं तसं गार करा.

फ्रिजमधली खीर दुसऱ्या दिवशी खरवसासारखी घट्ट होते, तांदूळ सगळं दूध पिऊन बसतो. त्यावर गार दूध ओतून ढवळू नका, गुठळ्या तशाच राहतात. वेगळ्या पातेल्यात अर्धी वाटी दूध उकळा, त्यात खीर घालून डावाच्या पाठीनं मोडा आणि सगळ्याला एक खळखळून उकळी येऊ द्या. साखर चाखून बघा, बहुधा चमचाभर जास्त लागते.